शंभर किलोमीटरला एकोणीस

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आमचे ड्रायव्हर मनिराममामा यांनी पाठवलेला फोटो आला. गाडीच्या पडद्याचा. ट्रिप ए, १९०.४ किलोमीटर. त्याखाली सरासरी : शंभर किलोमीटरला १८.७ युनिट.

मी खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले, परत आले. मला राग आला की बसवत नाही. माझ्या लॅबमधला टेक्निशियन टिंकू हे ओळखून आहे. त्याने मान खाली घातली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. स्लाइड लावलेली नव्हती, तरी लावला.

गोंदियात माझी रक्त तपासायची लॅब आहे. देवरी आणि चिचगडला दोन केंद्रं आहेत, तिथे रक्त घेतात, आणि आमची गाडी रोज बर्फाच्या पेटीतून ते नमुने गोंदियाला आणते. देवरीचं ठीक चालतं. चिचगडचं मात्र माझ्या गळ्यातलं लोढणं होतं. जंगलातला रस्ता, पेशंट कमी, त्यातले निम्मे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, ज्यांच्याकडून जास्त पैसे घ्यायला जीभ उचलत नाही. पण ते केंद्र शामकला चालवते. आपल्याच घराच्या ओसरीत बसते आणि लहान मुलाच्या हातातली शीरसुद्धा एका टोचण्यात शोधते. असा हात गोंदियात पगार देऊनही मिळत नाही.

जुनी पेट्रोल गाडी दोन लाख सत्तर हजार किलोमीटर चालून दमली होती. ती बदलायचीच होती. हप्ता कुठल्याही नव्या गाडीचा भरावा लागणार, तेव्हा प्रश्न उरला तो चालवण्याच्या खर्चाचा. पेट्रोल गाडीचा पडदा लिटरला १६.४ किलोमीटर दाखवायचा. तोच आकडा उलटा केला की शंभर किलोमीटरला ६.१ लिटर. आमच्याकडे लिटर एकशे पाच रुपयांना. म्हणजे किलोमीटरला सहा रुपये चाळीस पैसे, आणि रोज एकशे नव्वद किलोमीटर. चिचगडची सगळी कमाई रस्त्यातच जळत होती.

म्हणून मी हिमांशूकडून इलेक्ट्रिक गाडी दहा दिवसांसाठी भाड्याने घेतली. हिमांशू अशा गाड्या विकतो आणि भाड्यानेही देतो. 'पाहा चालवून, पटली तर शनिवारी संध्याकाळी सांगा, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे,' असं म्हणाला. मी मनाशी रेघ ओढली. चालवण्याचा खर्च किलोमीटरला तीन रुपयांच्या आत आला तर चिचगड चालू. वर गेला तर बंद.

आणि तो तीनच्या आत येत नव्हता.

१८.७ म्हणजे एका फेरीला साडेपस्तीस युनिट. गाडीच्या बॅटरीत मावतात तीस. मग देवरीला हायवेवरच्या फास्ट चार्जरवर थांबून दहा युनिट भरायचे, तिथे युनिटला चोवीस रुपये. उरलेले साडेपंचवीस रात्री लॅबच्या मीटरवरून, तिथे सगळे आकार धरून सोळा रुपये. त्यातही गंमत अशी, की पडदा फक्त बॅटरीतून किती गेलं ते सांगतो. बॅटरी भरताना वाटेत जे गरम होऊन वाया जातं ते त्याच्या खिजगणतीत नाही. मी चार्जरच्या भिंतीवर वेगळा मीटर बसवून घेतला होता. बॅटरीत शंभर शिरायला भिंतीतून एकशे तेरा जात होते. सगळं मिळून फेरीला सातशे रुपये, किलोमीटरला तीन रुपये सत्तर पैसे. वर चार्जरवर अर्धा तास मोडायचा, आणि तेवढा वेळ लोकांचं रक्त उन्हात.

टिंकू भीतभीत म्हणाला, "मॅडम, एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटची एनर्जी असते म्हणतात. सहा लिटरचे पंचावन्न होतात. ये तो उन्नीस में जा रही है. एक तिहाई."

"हो, पण दुकानदार मला एनर्जीवर बिल देत नाही, रुपयांत देतो," मी म्हणाले. तो पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये गेला. बिचाऱ्याचं खरं होतं. पण त्या दिवशी मला कोणाचंच खरं ऐकायचं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त काय टोचत होतं सांगते. आकडा रोज वाढत होता. पहिल्या दिवशी मामांनी फोटोच पाठवला नाही, 'आज बराबर नाई आला, उद्या पाठवतो' म्हणाले. मग १५.९. मग १६.८. मग १७.५. मी उन्हाला दोष दिला, रस्त्याला दिला, हिमांशूला फोन करून त्याच्या सात पिढ्यांना दिला. तो म्हणाला, "दीदी, इस गाडी में तेरह-साढे तेरह आना चाहिए. ड्रायव्हर कैसा है?"

ड्रायव्हर कैसा है! मनिराममामा एसटीत एकतीस वर्षं होते. माझ्या आईच्या गावचे, मुर्रीचे, म्हणून मामा. एसटीत कोण किती डिझेल जाळतो त्यावर डोळा असतो, दहा लिटरला किती किलोमीटर ते ड्रायव्हरच्या नावापुढे लिहिलं जातं, आणि मामांचं नाव कायम वरच्या तिघांत. त्यांच्या शेजारी बसून चहा प्यावा तर थेंब सांडत नाही. मी हिमांशूचा फोन कापला.

तर तो १८.७चा फोटो बुधवारचा. मी रात्रीपर्यंतसुद्धा थांबले नाही. उभ्याउभ्याच शामकलाला फोन लावला.

"शामकला, सोमवारपासून गाडी चिचगडला येणार नाही. परवडत नाही. मी सगळं करून पाहिलं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मंग आता येतेत त्याहिले काय सांगू?"

"सांग, देवरीला जा. नाहीतर गोंदियाला माझ्याकडे या."

"बंदच करायचं तं सोमवारपर्यंत कायले? उद्यापासूनच करतो. रोज-रोज थोडं-थोडं सांगनं होत नाई मले."

"तुझी मर्जी."

हे 'तुझी मर्जी' मी म्हणाले. आजही आठवलं की माझं मलाच लागतं. सहा वर्षं त्या बाईने माझ्यासाठी ओसरी झाडली, आणि मी तिला चार मिनिटांत मोकळी केली.

गुरुवारी ओसरी बंद होती, पण गाडीची चाचणी शनिवारपर्यंत ठरलेली, म्हणून मामांनी पूर्ण फेरी केली. फोटो आला. १९.४. आणि खाली मामांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं होतं. 'आज जमला.' पुढे अंगठ्याचं चित्र.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं केंद्र बंद पडतंय आणि म्हातारा अंगठा दाखवतोय! फोनवर बोलले असते तर तोंडातून काहीतरी भलतंच गेलं असतं. मी टिंकूला सांगितलं, उद्या लॅब तू सांभाळ, मी गाडीबरोबर जाते.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी मामांच्या शेजारी बसले. त्यांनी ट्रिप ए शून्यावर आणली, काचा बंद केल्या आणि एसी पूर्ण सोडला. लगेच एक शिंक आली. मग दुसरी.

"मामा, तुम्हाला तर एसी सोसत नाही ना?"

"नाई सोसत. पन लागते."

गावाबाहेर पडल्यावर त्यांनी पाय दाबला तो असा, की माझी मान सीटला आपटली. नव्वद, पंचाण्णव. पुढे बैलगाडी दिसली, कचकन ब्रेक. पुन्हा पाय. आमगाव येईपर्यंत मी दोनदा देवाचं नाव घेतलं. मागे रिकाम्या नळ्यांचा स्टँड खडखडत होता. एकतीस वर्षं थेंब न सांडणारा माणूस हा? मला वाटलं, मामांना काहीतरी झालंय. वय झालं, डोळे गेले, डोकं गेलं, काय कोण जाणे. राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली.

देवरीच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तिथे मामांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि नुसत्या ब्रेकवर उतरवायला लागले.

"हे कशाला? गिअरमध्ये राहू द्या. उतारावर हीच मोटर उलटी चालून बॅटरी भरते. न्यूट्रलला टाकलं की ते बंद होतं."

"मालूम आहे मले," मामा म्हणाले. "गेअरमंदी ठेवलं का आकडा खाली येते. आता पाह्य, कसा वरच राहाते."

मी पडद्याकडे पाहिलं. १९.६.

"मामा," मी हळू म्हणाले, "तुम्हाला आकडा वर ठेवायचाय?"

"मंग? खाली आनू का? पहिल्या दिवशी माह्या हातानं चालवली तं साडेबारा आला. साडेबारा! लाज वाटली. तुले फोटो कसा पाठवू? एसटीत एवढा कमी आला असता तं सायबानं केबिनमंदी बोलावलं असतं. मले वाटलं, हात गेला आपला. मंग हळूहळू पाहून राहिलो, कायनं वाढते. एसीनं वाढते, दाबून पळवलं का वाढते, ब्रेक मारून उचलली का वाढते. आठवडा झाला, मी माह्या मनाच्या विरुद्ध गाडी चालवून राहिलो. रातच्याले पाय दुखते. पन चिचगड वाचलं पायजे ना!"

"पण आकडा वाढला की चिचगड वाचेल, असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

मामांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, सावकाश, त्यांच्या जुन्या पद्धतीने, आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"तूच तं सांगतलं. मी पयल्या दिवशी गाडी घ्यायले आलो, तू एकाचं रगत काढत होती. मान वर न करता मनली, मामा, ॲव्हरेजचा जेवढा आकडा जास्त, तेवढं चिचगडचं आयुष्य. मी मनलं, बरं."

मी म्हणाले होते. शब्द न् शब्द माझाच होता. पेट्रोल गाडीची सहा वर्षांची सवय, लिटरला किती पळते तेवढंच डोक्यात. तिथे आकडा जितका मोठा तितकं बरं. इथे शंभर किलोमीटरला किती खाते ते लिहिलेलं, म्हणजे जितका छोटा तितकं बरं. मला हे पक्कं ठाऊक होतं. कागदावर मी ते रोज बरोबर मांडत होते. तोंडाने मात्र एकदा उलटं बोलून गेले, आणि ज्याच्या हातात गाडी होती त्याने ते प्रमाण मानलं. ना त्याने विचारलं, ना मी. गावभर हिमांशूला शिव्या घालत हिंडले, आणि खोट माझ्याच तोंडात.

मी मामांना समजावून सांगितलं. त्यांना दोन वाक्यांत कळलं. एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या, आणि कितीतरी वेळ स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले.

"मंग साडेबारा चांगला होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"फार चांगला होता, मामा. हिमांशूलासुद्धा तेरा येतात."

"हात गेला नाई मनजे."

मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही.

पुढे मामांनी ट्रिप पुन्हा शून्य केली आणि गाडी चालवली. पन्नास-पंचावन्न, लांबूनच पाय सोडायचा, उतार आला की गिअरमध्येच गाडी आपोआप धरली जायची. पडद्यावरची पट्टी हिरवी होऊन उलटी भरायची आणि मामा गालात हसायचे. चिचगडला पोचलो तेव्हा आकडा होता १२.७.

मी मोठ्या तोऱ्यात ओसरीवर चढले. टेबल भिंतीला लावून ठेवलेलं, खुर्च्या एकावर एक. शामकला सुपात काहीतरी पाखडत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, तेरा युनिट, फेरीला पंचवीस, बॅटरीत पुरून उरतात, फास्ट चार्जरवर थांबणं नको, भिंतीतले तेरा टक्के धरूनही किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे. "चालू ठेवायचं, शामकला. सोमवारी नेहमीसारखी बस."

तिने सूप खाली ठेवलं.

"नाई बसत."

"का? पैशांचं म्हणत असशील तर..."

"पैशाचं नाई, मॅडम. बुधवारी तुमचा आकडा वर होता, मी कालपासून लोकांले नाई मनून राहिलो. दहा घरी जाऊन सांगतलं. आज आकडा खाली आला, आता हो मनू? उद्या अजून वर गेला तं? तुमच्यावाला आकडा गोंदियाले राहाते, मी इथं राहातो. माह्या तोंडाची काय किंमत राहीन?"

मामा गाडीपाशी उभे होते. ते तिथूनच म्हणाले, "चूक माही आहे, बाई."

"चूक कोनाची ते तुम्ही पाहा," शामकला म्हणाली. "मॅडमले चालू करायचं असन तं सोमवारी मॅडमनं सोता इथं येऊन बसावं. सकारपासून. जो येईन त्याले आपल्या तोंडानं सांगावं. मंगच मी सुई धरतो."

मला सोमवारी लॅबमध्ये दहा कामं होती. मी हो म्हणाले. दुसरं काही म्हणण्याची माझी लायकीच नव्हती.

शनिवारी मामांनी पूर्ण फेरी केली. १९०.१ किलोमीटर, सरासरी १२.९, देवरीला न थांबता, आणि बॅटरीत अठरा टक्के शिल्लक. फोटोखाली विचारलं होतं, 'कमी आहे ना?' मी हिमांशूला गाडी घेते म्हणून सांगितलं. आनंद व्हायला हवा होता. पण रविवारभर घरात येरझारा घालत होते.

सोमवारी आठ वाजता मी शामकलाच्या ओसरीवर बसले. शामकला आत स्वयंपाक करत होती, मुद्दामच; रक्त घेण्यापुरती बाहेर यायची आणि परत आत जायची. लोक यायचे, मला पाहून थबकायचे. 'बंद होतं ना?' मी म्हणायचे, 'होतं. माझी चूक झाली. आता चालू आहे.' पाचव्या माणसालाही तेच म्हणाले. मी दर दोन मिनिटांनी उठायचे, अंगणात जाऊन यायचे. बसवत नव्हतं.

साडेदहाला एक म्हातारी आली, बरोबर नऊ-दहा वर्षांची नात, डोळे पिवळसर. शामकला आतून म्हणाली, "रुख्माबाई आहेत. सिकलसेल आहे पोरीले."

"आज चालू आहे?" रुख्माबाईंनी विचारलं.

"आहे, आजी. बसा. मधे माझ्या चुकीने..."

"सुक्करवारी हिले घेऊन गोंदियाले गेलतो," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगत होत्या. "अंग दुखून राहिलं होतं हिचं. शामकला मनली, इथं बंद झालं, गोंदियाले मॅडम आहेत, थे पाह्यतीन. पहिल्या एसटीनं गेलो. लॅबात पोट्टा होता एक. थ्यो मनला, मॅडम आज चिचगडले गेल्या."

मी उठायला खुर्ची मागे सारली, पण बसून राहिले.

"त्यानं दोनदा टोचलं. शीर नाई भेटली. पोरगी लय रडली. मंग मनला, मॅडम येऊ द्या. चार वाजेपर्यंत बसलो. एसटी निंगून जाईन मनून वापस आलो." त्यांनी नातीच्या कोपरावरचा निळा डाग दाखवला. "तुम्हीच का थ्या मॅडम?"

"मीच."

त्यांनी नातीला उचलून माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि तिचा दुसरा हात, डाग नसलेला, टेबलावर सरळ करून ठेवला.

"मंग घ्या आता," त्या म्हणाल्या.

शामकला दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं, ती जागची हलली नाही. पोरीने डोळे घट्ट मिटले. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, आणि सापडेपर्यंत चाचपत राहिले.